दुसऱ्याने लिहिलेल्या पोस्टबद्दल मला वकिलाची नोटीस आली आहे (वेबसाइट, तासगाव)

बागवान_तासगाव

नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं मी आमच्या भागातल्या द्राक्षबागायतदारांसाठी एक छोटी वेबसाइट चालवतो. छाटणी कधी धरली, कुठलं औषध किती मारलं, बेदाण्याला काय दर निघाला, असं लोक लिहितात. त्यात "व्यापाऱ्याचा अनुभव" असा एक विभाग आहे आणि सगळ्यात जास्त वाचला जातो तो हाच. माल तोडून गाडी भरून गेली की पैशासाठी किती हेलपाटे मारावे लागतात, हे आमच्याकडं कुणाला सांगायला नको.

फेब्रुवारीत एका सभासदानं लिहिलं की अमुक व्यापाऱ्यानं चार किलोच्या ११०० पेट्या पेटीला १८० रुपयांनी नेल्या, १,९८,००० चा चेक दिला आणि तो वटला नाही. व्यापाऱ्याचं नाव लिहिलंय, स्वतःचं नाव मात्र लिहिलेलं नाही. टोपणनावानं खातं आहे.

परवा मला त्या व्यापाऱ्याच्या वकिलाची रजिस्टर नोटीस आली. सात दिवसांत पोस्ट काढा, लिहिणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर द्या, २५ लाख नुकसानभरपाई द्या, नाहीतर बदनामीचा फौजदारी खटला. मी तर एक अक्षर लिहिलेलं नाही. घरात आई तेव्हापासून नीट जेवलेली नाही. मी गुन्हेगार ठरतो का? पोस्ट काढू का ठेवू?

सुहास_सातारा

दादा, घाबरू नका. आयटी कायद्याचं कलम ७९ बघा. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराला वेबसाइटवाला जबाबदार नसतो. पण एक लक्षात ठेवा, तक्रार आल्यापासून ३६ तासांत मजकूर काढावा लागतो, नाहीतर ते संरक्षण जातं. तुमची नोटीस परवा आलीय म्हणजे वेळ जवळजवळ संपलीच. आत्ताच्या आत्ता डिलीट करा आणि मोकळे व्हा.

वकील_विश्रामबाग

बागवानदादा, कृपया काहीही डिलीट करू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी.

सुहासजींनी कलम बरोबर सांगितलं, ३६ तास पण नियमात होते. पण ते तास कुठल्या क्षणापासून मोजायचे हे चुकलं. २०१५ च्या मार्चमध्ये श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कलम ७९(३)(ख) चा अर्थ आखून दिला. मध्यस्थाला, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्या तुमच्यासारख्या वेबसाइटवाल्याला, "प्रत्यक्ष माहिती मिळाली" असं कधी धरायचं, तर कोर्टाचा आदेश किंवा सक्षम सरकारी यंत्रणेची सूचना हातात पडल्यावर. समोरच्या वकिलाची नोटीस ही त्याच्या पक्षकाराची मागणी असते. न्यायालयानं कारणही दिलं होतं: रोज येणाऱ्या असंख्य मागण्यांतली कुठली रास्त हे वेबसाइटवाल्यानं न्यायाधीश होऊन ठरवावं, अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

तासांबद्दल इतकंच, की ३६ हा आयटी कायद्याखालच्या २०२१ च्या मूळ नियमांतला आकडा आहे. नंतरच्या दुरुस्त्यांनी मुदती आवळल्यात. उद्या खरोखर कोर्टाचा आदेश आला तर जुन्या आकड्यावर बसून राहू नका, आदेश हातात पडताच मजकूर खाली घ्या.

मात्र नोटीस कपाटात टाकून देऊ नका. २०२१ च्या नियमांनी प्रत्येक मध्यस्थावर, लहान असो की मोठा, तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळकपणे द्यायचं बंधन टाकलंय. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते आणि ठरलेल्या मुदतीत तिचा निकाल लावायचा असतो. तुम्ही आठवड्याच्या आत लेखी उत्तर जाईल असं धरून चला. निकाल म्हणजे मजकूर काढलाच पाहिजे असं नाही. विचार करून "ठेवतो आहे, कारण असं" हेही उत्तर असू शकतं.

आता मला तीन गोष्टी सांगा, आणि अगदी खरं सांगा. साइटवर वापराचे नियम आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव आहे का? लिहिणाऱ्याचा माग तुमच्याकडं काय आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या पोस्टला तुम्ही कधी हात लावला का?

उमा_कराड

मॅडम, माझंही असंच झालंय म्हणून विचारते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. एका सभासदानं दुसऱ्या बाईंबद्दल फार घाणेरडं काहीतरी टाकलं. मी त्या वेळी लेकीच्या बाळंतपणासाठी दवाखान्यात होते, रात्री बघितलं. आता त्या बाई म्हणतात तक्रारीत ॲडमिनचंही नाव घालणार. मलाही तक्रार अधिकारी नेमावा लागेल का?

सुहास_सातारा

उमाताई, ॲडमिनलाच आधी उचलतात. आमच्या कॉलनीत सगळ्यांनी ग्रुपला "फक्त ॲडमिन लिहू शकेल" असं लावून टाकलंय.

वकील_विश्रामबाग

उमाताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्हाला कुणालाही नेमायचं नाही. मजकूर साठवणारी, पोचवणारी ती कंपनी. तुम्ही त्या ग्रुपातल्या एक सभासदच आहात, फक्त माणसं घ्यायचा आणि काढायचा अधिकार जास्तीचा आहे. ॲडमिन हा मध्यस्थ नव्हे असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं एका ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. तिथंही सभासदानंच एका महिलेबद्दल गलिच्छ लिहिलं होतं, आणि ॲडमिननं त्याला काढलं नाही, माफी मागायला लावली नाही अशी तक्रार होती. न्यायालयानं म्हटलं, समान हेतू किंवा आधी ठरवून केल्याचं दाखवता येत नसेल तर सभासदाच्या शब्दांसाठी ॲडमिनला धरता येत नाही.

याची हद्दही सांगते. तुम्ही स्वतः त्यात हसण्याची चिन्हं टाकून भर घातली असती, तर मी हे इतक्या ठामपणे सांगितलं नसतं. तो संदेश आणि तुम्ही नंतर काय लिहिलं ते जपून ठेवा. पुढचं वाटल्यास नवीन धागा काढून विचारा, इथं दादांचं राहून जाईल.

बागवान_तासगाव

मॅडम, खरं सांगतो. नियमांचं पान नाही. तक्रार अधिकारी हा शब्दच आज ऐकला. लिहिणाऱ्याचा ईमेल आहे आणि नोंदणीवेळी दिलेला मोबाइल आहे.

हात लावला होता. त्याचं शीर्षक होतं "चेक परत आला, काय करू". ते कुणी उघडेना म्हणून मी बदलून "लुटारू व्यापाऱ्यापासून सावध राहा" केलं, आणि विभागात सगळ्यात वर पिन करून ठेवलं. त्या व्यापाऱ्याच्या शेडवरच्या पाटीचा फोटो माझ्याकडं होता, तोही जोडला. पाटीवर मोबाइल नंबर दिसतो. लोकांचं नुकसान होऊ नये एवढ्याच हेतूनं केलं.

वकील_विश्रामबाग

तुम्ही सांगितलंत हे फार बरं झालं. कोर्टात समोरच्यानं काढलं असतं तर जड गेलं असतं.

कलम ७९ ची अट अशी आहे की मध्यस्थानं मजकूर स्वतः सुरू केलेला नसावा, कुणाला पोचवायचा हे निवडलेलं नसावं, आणि मजकूर निवडलेला किंवा बदललेला नसावा. सभासदानं लिहिलं "चेक परत आला". ते त्याचे शब्द. "लुटारू" हा शब्द तुमचा आहे. फोटो तुमचा आहे. तेवढ्या भागापुरते तुम्ही लेखक आहात, आणि लेखकाला कलम ७९ ची ढाल नसते.

पिन करणं हे "निवडणं" होतं का, यावर मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. मायस्पेस विरुद्ध सुपर कॅसेट्स या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये म्हटलं होतं, की यंत्रणेनं आपोआप मजकुराचा नमुना बदलला किंवा जाहिरात जोडली म्हणून तो मजकूर "बदलला" असं होत नाही. ते कॉपीराइटचं प्रकरण होतं आणि तिथं यंत्र होतं. इथं एका माणसानं, एक पोस्ट वाचून, पसंत करून वर लावली. समोरचा वकील हाच मुद्दा धरेल.

आता दुसरी बाजू. ढाल गेली म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं होत नाही. बदनामी झाली हे त्यांना तरीही सिद्ध करावं लागेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अपवाद आहेत. खरी गोष्ट लोकहितासाठी सांगितली तर बदनामी नाही. दुसऱ्याच्या भल्यासाठी सद्हेतूनं सावध केलं तरी नाही. चेक खरंच परत आला असेल आणि बँकेचा मेमो असेल, तर सभासदाची पोस्ट भक्कम उभी आहे. "लुटारू" शब्दाला तसा आधार नाही. एका न वटलेल्या चेकवरून माणूस लुटारू ठरत नाही. पैसे अडकल्यानंही चेक परत जातो.

मार्केटयार्ड_सांगली

मी हळदीचा व्यापारी आहे, तिसरी पिढी. इथं सगळे शेतकऱ्याच्या बाजूनं बोलणार हे माहीत असून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी एका पेजवर कुणीतरी लिहिलं की मी वजनात मारतो. माझा काटा प्रमाणित आहे, दर वर्षी शिक्का मारून घेतो. पेजवाल्याला हात जोडून सांगितलं, काट्याच्या सर्टिफिकेटचा फोटो पाठवला. तो म्हणाला, कोर्टाचा आदेश आणा. सौद्याला येणाऱ्या चार गावांनी माल आणणं थांबवलं. मॅडम, तुमचा कायदा माझ्यासाठी काय करतो?

वकील_विश्रामबाग

साहेब, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडं त्याचं समाधान करणारं उत्तर नाही, हे आधीच कबूल करते.

२०२१ च्या नियमांत सभासदांनी टाकू नये अशा मजकुराच्या यादीत "बदनामीकारक" हा शब्द होता. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीत तो काढला. सरकारची भूमिका अशी, की बदनामी झाली की नाही हे न्यायालयानं ठरवायचं. त्यामुळं नग्न किंवा बनावट फोटो असेल तर त्या व्यक्तीच्या नुसत्या तक्रारीवर साइटला लगेच हलावं लागतं, पण "वजनात मारतो" या वाक्यासाठी दिवाणी दावा आणि मनाईचा अर्ज हाच मुख्य रस्ता उरतो. दाव्यात पोस्टचा नेमका पत्ता द्यायचा, साइटला पक्षकार करायचं, आणि लिहिणाऱ्याची ओळख उघड करायचा आदेश मागायचा. मुदत बदनामीपासून एक वर्ष. तुमची उलटून गेलेली दिसते.

पेजवाला कायद्यानं चुकला नव्हता. पण तुमचं सर्टिफिकेट बघून तो स्वतःहून पोस्ट काढू शकला असता. तक्रारीवरून किंवा आपण होऊन मजकूर काढला म्हणून कलम ७९ चं संरक्षण जात नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे. "हात लावला की अडकतो" या भीतीनं लोक काढतही नाहीत. काढणं वेगळं, शब्द बदलणं वेगळं.

मार्केटयार्ड_सांगली

म्हणजे तो काढू शकत होता आणि त्यानं काढलं नाही. हे मला आज कळलं. वर्षाची मुदत कुणी सांगितली असती तर मी गेलो असतो कोर्टात.

सर्व्हरवाला_मिरज

बागवानभाऊ, मी अशा लहान साइट्सचे सर्व्हर बघतो. वकीलताई "डिलीट करू नका" का म्हणतात ते आमच्या बाजूनं सांगतो. मजकूर काढला तरी तो आणि त्याच्या नोंदी १८० दिवस जपायच्या, असा नियम आहे. शिवाय सायबर सुरक्षा बघणारी सरकारी यंत्रणा सर्ट-इन, तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सिस्टिमचे लॉगही मागचे १८० दिवस राहिले पाहिजेत, आणि ते भारतात. लहान सर्व्हरवर nginx हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर जसंच्या तसं बसवलं की लॉग बहुतेक १४ दिवसांत पुसले जातात. त्यामुळं फेब्रुवारीतली नोंद आता तुमच्याकडं नसणार, पण पुढचं तरी वाचवा. `/etc/logrotate.d/nginx` उघडून आकडा बदला, फाइलमधल्या बाकीच्या ओळी तशाच ठेवा:

```
/var/log/nginx/*.log {
    daily
    rotate 180
    compress
}
```

मग ती पोस्ट, तिची एडिट हिस्टरी आणि खात्याची नोंद डेटाबेसमधून वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि त्या फाइलचा हॅश, म्हणजे फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी बदलणारा तिचा ठसा, आजच्या तारखेनं लिहून ठेवा:

```
sha256sum post.sql
```

नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र द्यावं लागतं त्यात हॅशची जागा आहे. एक बाब नक्की बघा. एडिट हिस्टरीत तुम्ही शीर्षक बदलल्याचं दिसतंय का? दिसत असेल तर ती ओळ पुसायचा मोह होईल. पुसू नका.

बागवान_तासगाव

हिस्टरीत दिसतंय. कुणी बदललं, किती वाजता, सगळं. मूळ शीर्षकही आहे.

वकील_विश्रामबाग

मग तीच तुमची सगळ्यात उपयोगी नोंद आहे. सभासदाचं काय आणि तुमचं काय, हे वेगळं करून दाखवणारा दुसरा पुरावा तुमच्याकडं नाही.

प्रत काढून झाली की मूळ शीर्षक परत लावा, पिन काढा, फोटो उतरवा. सभासदाची पोस्ट तशीच राहू द्या आणि त्याला ईमेलनं बँकेचा परत-मेमो मागा. त्याला विचारा की चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची नोटीस पाठवली का. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत ती जावी लागते. तुमच्या प्रकरणापेक्षा त्याचे पैसे बुडण्याची मला जास्त काळजी वाटते.

लिहिणाऱ्याचं नाव-नंबर त्या वकिलाला देऊ नका. अधिकृत सरकारी यंत्रणेनं कारण नमूद करून लेखी आदेश दिला तर ७२ तासांत माहिती द्यावी लागते. खासगी वकिलाला द्यायचं कुठलंही बंधन नाही.

सुहास_सातारा

आणि पोलिसांचा फोन आला तर? ते नुसतं "येऊन जा" म्हणतात.

वकील_विश्रामबाग

नम्रपणे लेखी मागायचं. कागद किंवा माहिती हवी असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली नोटीस देता येते. नुसती बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत. बहुधा एनसी लिहून घेतील आणि तक्रारदाराला कोर्टात जायला सांगतील.

बागवान_तासगाव

मंडळी, बारा दिवसांनी कळवतोय.

मॅडमनी सांगितलं तसं सगळं केलं. मूळ शीर्षक लावलं, फोटो काढला. नियमांचं पान केलं, तक्रार अधिकारी म्हणून माझंच नाव, ईमेल आणि फोन टाकला. चौथ्या दिवशी तासगावातल्या वकिलांमार्फत उत्तर पाठवलं, पोचपावती आली आहे. उत्तरात लिहिलं की शीर्षक आणि फोटो माझे होते, ते मी काढले आणि त्याबद्दल दिलगीर आहे. मूळ पोस्ट सभासदाची आहे, कोर्टाचा आदेश आला तर लगेच काढीन. दिलगीर हा शब्द घालावा की नाही यावर आमच्या वकिलांशी बराच वेळ बोलणं झालं. शेवटी मीच म्हटलं घाला, कारण तो शब्द मी खरंच लिहायला नको होता.

सभासद स्वतः घरी आले. सावळजकडचे आहेत. पिशवीत मेमो, चेकची झेरॉक्स आणि ११०० पेट्यांची वजनाची चिठ्ठी होती. १३८ ची नोटीस त्यांनी पंचविसाव्या दिवशी पाठवली होती, दावा दाखल आहे. त्यांनी स्वतःहून पोस्टमध्ये मेमोची तारीख जोडली.

समोरून अजून उत्तर नाही. आई जेवायला लागली आहे.

वकील_विश्रामबाग

छान केलंत. एक धोका अजून आहे तो सांगते. नियमांचं पान तुम्ही नोटिशीनंतर लावलं. फेब्रुवारीत ते नव्हतं, म्हणजे त्या काळापुरती तुम्ही आवश्यक काळजी घेतली नव्हती, असं व्यापाऱ्याचे वकील म्हणू शकतात. मग सभासदाच्या मूळ पोस्टपुरतंही संरक्षण मिळतं का, हा वाद राहतो. माझ्या मते आदेश आल्यावर तुम्ही काय करता ते जास्त महत्त्वाचं ठरावं, पण समोरचा हा मुद्दा सोडणार नाही. त्या पोस्टच्या खरेपणावरच उभं राहायची तयारी ठेवा. मेमोची खरी प्रत सभासदाकडून साक्षांकित करून घ्या.

मार्केटयार्ड_सांगली

बागवान, त्या विभागात व्यापाऱ्याला उत्तर लिहायची सोय आहे का? त्याच पोस्टच्या खाली, तेवढ्याच अक्षरात?

बागवान_तासगाव

नाही. सभासद फक्त बागायतदार होऊ शकतात. सर्व्हरवाले दादा, हे करायला किती काम आहे?

सर्व्हरवाला_मिरज

एका संध्याकाळचं. पण व्यापारी तोच आहे हे कसं ठरवणार, ते आधी ठरवा. बाजार समितीच्या परवान्याचा नंबर घेता येईल. रविवारी फोन करा.